तळपाय बघा : आमच्या तात्यांच्या टाचेवरचा डाग आणि आपल्या कातडीचा एक गैरसमज

आज पोस्ट लांब आहे. कांद्याच्या भावावर नाही, राजकारणावरही नाही. तळपायावर आहे. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

आमचे तात्या, म्हणजे माझे सख्खे चुलते, यंदाच्या चैत्रात गेले. गावात सगळ्यांना एवढंच माहीत आहे की "पायाला जखम झाली होती, शुगर होती, ती चिघळली." राळेगणसिद्धीत अजूनही भेटणारा माणूस मला हेच म्हणतो, आणि मी मान हलवून पुढे जायचो. पण ते खरं नाही. तात्यांना शुगर होती हे खरं, पण ते शुगरनं गेले नाहीत. त्यांच्या टाचेवर मेलानोमा झाला होता. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. तो तळहात, तळपाय किंवा नखाखाली झाला की डॉक्टर त्याला 'अ‍ॅक्रल मेलानोमा' म्हणतात. चुलतीची परवानगी घेऊन हे लिहितोय. ती म्हणाली, "लिही, पण माझी चूक झाली असं लिहू नको." तिची चूक नव्हतीच. खरं तर तिनंच तो डाग सगळ्यांच्या आधी पाहिला होता.

तीन वर्षांपूर्वीची दिवाळी. पहिल्या अंघोळीला चुलतीनं तात्यांच्या पायाला तेल चोळलं, तेव्हा उजव्या टाचेच्या आतल्या कडेला तिला हरभऱ्याच्या दाण्याएवढा काळा डाग दिसला. सपाट होता. हाताला काही लागत नव्हतं, दुखत नव्हतं. एका बाजूला काळाकुट्ट आणि दुसऱ्या बाजूला तपकिरी, कडा नदीच्या काठासारखी वेडीवाकडी. "हे काय हो?" तिनं विचारलं. तात्या म्हणाले, "काटा मोडला असंल." रात्री कांद्याला पाणी धरणाऱ्या माणसाच्या पायात काटा मोडणं ही काही बातमी नाही. त्यावर बिब्ब्याचा चटका दिला. बिब्ब्यानं आधीच काळा असलेला डाग आणखी काळा झाला आणि मूळचा रंग कुठला, बिब्ब्याचा कुठला, हेच कळेनासं झालं.

अक्षय्य तृतीयेपर्यंत डाग रुपयाच्या नाण्याएवढा झाला आणि मधोमध कातडी कडक होऊन वर आली. आता त्याला सगळ्यांनी कुरूप ठरवलं. कुरूप काढणाऱ्याकडं जाऊन ते ब्लेडनं तासून घेतलं. रक्त बरंच आलं. मग मेडिकलमधून कुरुपाची पट्टी आणून लावली. आषाढात ती जागा ओली राहायला लागली, चपलेला डाग पडायला लागले. तेव्हा आम्ही डॉक्टरकडं गेलो. शुगर तपासली, ती वाढलेली निघाली, आणि तिथंच आमचा रस्ता चुकला. शुगर निघाली म्हटल्यावर जखम शुगरची, असं सगळ्यांनी धरलं. आम्हीही आणि डॉक्टरांनीही. श्रावण ते दिवाळी एक दिवसाआड ड्रेसिंग. शुगर आटोक्यात आली, जखम मात्र इंचभरही भरली नाही. त्या डॉक्टरांना मी वाईट म्हणणार नाही. माणूस कष्टाळू, पैसेही कमी घ्यायचा. त्यानं रोज जखम धुतली, फक्त ती जखम कशाची आहे हे एकदाही तपासलं नाही.

दिवाळीनंतर उजव्या जांघेत गाठ आली. आपल्याकडं पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे लहान पोराला माहीत आहे. शेक दिला. ती गाठ महिनाभर दुखली नाही आणि बसलीही नाही. साध्या अवधाणाची गाठ दुखते आणि जखम बरी झाली की बसते. ही घट्ट, गप्प, वाढत जाणारी होती. मग माझा एक मित्र तात्यांना त्वचारोगाच्या डॉक्टर बाईंकडं घेऊन गेला. त्यांनी जखम बघून पहिलाच प्रश्न विचारला, "याचा तुकडा तपासलाय का कधी?"

नव्हता तपासला. सव्वा वर्ष होत आलं होतं आणि चार जणांनी तो पाय हातात घेतला होता.

पुढचा महिना आम्ही घरच्यांनी घालवला. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. "सुई लावली, तुकडा काढला की कॅन्सर पसरतो," असं भावकीतल्या दोघांनी सांगितलं आणि आम्ही थांबलो. ही समजूत साफ चुकीची आहे. मेलानोमाचा तुकडा काढून तपासल्यानं तो पसरत नाही आणि माणसाचं आयुष्यही कमी होत नाही. हे अभ्यासून पाहिलेलं आहे. पसरतो तो न तपासता ठेवल्यानं. संक्रांतीच्या आठवड्यात शेवटी तुकडा काढला. रिपोर्टमध्ये एक आकडा होता : जाडी 5.5 मिलिमीटर, वरचा भाग फुटलेला. जांघेतल्या गाठीत सुई घातली तर तिथंही त्याच पेशी निघाल्या.

हा आकडा समजून घ्या, कारण या रोगात बहुतेक गोष्टी त्याच्यावर ठरतात. डाग किती रुंद आहे यापेक्षा तो कातडीत किती खोल उतरलाय हे महत्त्वाचं. ही खोली सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात आणि तिला 'ब्रेस्लो जाडी' म्हणतात. एक मिलिमीटरच्या आत असेल तर गाठ आणि तिच्याभोवतीची साधारण एक सेंटिमीटर चांगली कातडी काढतात, आणि बहुतेक माणसं त्यातून कायमची सुटतात. दोन मिलिमीटरच्या वर गेली तर भोवतीची दोन सेंटिमीटर कातडी काढावी लागते, जांघेतल्या गाठी तपासाव्या लागतात, आणि रोग आधीच पुढे गेला असण्याची शक्यता वाढत जाते. चार मिलिमीटरच्या वरची पायरी सगळ्यात वाईट. तात्या त्या पायरीवर सापडले.

आता दिवाळीतला तो हरभऱ्याएवढा डाग आठवा. सपाट, हाताला न लागणारा. हा कॅन्सर सुरुवातीला आडवा पसरतो, जमिनीवर ओल पसरावी तसा. कधी महिने, कधी वर्षं. मग एखाद्या ठिकाणी खाली उतरायला लागतो आणि तिथं वर टेंगूळ दिसतं. चुलतीनं पाहिला तेव्हा तो अजून आडवाच होता, असं त्या डॉक्टर बाई नंतर म्हणाल्या. तेव्हा त्याची जाडी कुणी मोजली नव्हती, त्यामुळे ठाम कुणीच सांगू शकत नाही. पण आम्ही ज्याला "कुरूप झालं" म्हणत होतो ते बहुधा तो खाली उतरायला लागल्याचं लक्षण होतं.

ऑपरेशन झालं. टाच कोरून काढली, मांडीची कातडी तिथं बसवली, जांघेतल्या गाठी काढल्या. तात्या काठी घेऊन मळ्यापर्यंत जायचे, पाय सुजायचा. दहा महिन्यांनी खोकला सुरू झाला. स्कॅनमध्ये फुप्फुसात डाग दिसले. पुढचं सांगत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. हे सगळं मी फक्त घरचं दुःख म्हणून लिहीत नाही.

तात्यांचा रिपोर्ट आल्यावर माझा पहिला प्रश्न होता, "हा तर गोऱ्या लोकांचा रोग ना?" आपण सगळे हेच ऐकून आहोत. उन्हात बसणाऱ्या गोऱ्यांना कातडीचा कॅन्सर होतो, आपली कातडी काळी-सावळी, आपल्याला देवानंच छत्री दिलीय. यातलं अर्धं खरं आहे. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन उन्हापासून वाचवतं, म्हणून उन्हानं होणारा मेलानोमा आपल्यात फारच कमी. पण तळपायाला ऊन लागतं कधी? तळव्यावरच्या या कॅन्सरचं उन्हाशी फारसं नातंच नाही. त्याच्या पेशींमध्ये उन्हानं होणाऱ्या बिघाडाच्या खुणा फार कमी सापडतात, बिघाडाची जात वेगळी असते. जपानमधल्या डॉक्टरांनी तळपायावरच्या या गाठी नेमक्या कुठं होतात याचा नकाशा काढला, तर त्या टाच आणि चवड्यावर जास्त निघाल्या. म्हणजे जिथं अंगाचा भार पडतो तिथं. पोकळीत कमी. त्यावरून दाब आणि घर्षणाचा काही हात असावा असं मानतात. याचा अर्थ कुरुपाचा कॅन्सर होतो किंवा अनवाणी चालल्यानं होतो असा नाही. कृपया तसं फॉरवर्ड करू नका.

म्हणजे हिशोब असा होतो. तळव्यावरचा मेलानोमा गोऱ्यांना आणि काळ्यांना जवळपास सारख्याच प्रमाणात होतो, दोघांनाही फार क्वचित. दहा लाखांत वर्षाला एखाद-दुसरा. पण गोऱ्यांमध्ये त्याच्या जोडीला उन्हानं होणारे ढीगभर मेलानोमा असतात, आपल्यात ते नसतात. अमेरिकेतल्या 1986 ते 2005 या वीस वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा असं दिसलं : गोऱ्यांच्या शंभर मेलानोमांत तळव्याचा हा प्रकार एखादाच, आणि कृष्णवर्णीयांच्या शंभरात छत्तीस. आपल्याला तो जास्त होत नाही. पण आपल्यासारख्याला मेलानोमा झालाच, तर तो पाठीवर किंवा चेहऱ्यावर शोधून उपयोग नाही, तळव्यावर आणि नखाखाली शोधायला हवा. आणि आपण शोधत नाही, कारण जिकडं तिकडं सनस्क्रीन आणि उन्हाच्याच जाहिराती. ज्या जागी हा रोग होतो ती जागा आपण वर्षातून एकदा बघतो, तीही कुणी तेल चोळलं तर.

बॉब मार्ले हे नाव पोरांना टी-शर्टवरून माहीत आहे. जमैकाचा तो गायक. 1977 मध्ये त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच कॅन्सर सापडला. त्याआधी ती फुटबॉल खेळताना झालेली जखम समजली जात होती. अंगठा काढायचा सल्ला त्यानं धर्माच्या कारणानं नाकारला, नख आणि त्याखालचा भाग काढून मांडीची कातडी लावली. 1980 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये पळताना तो कोसळला, तोवर रोग अंगभर गेला होता. 11 मे 1981 ला तो गेला, वय 36. जगभर पैसा आणि डॉक्टर हाताशी असलेल्या माणसाचीही सुरुवात "खेळताना लागलं असेल" अशीच झाली. आमची "काटा मोडला असंल" अशी झाली. म्हणून मी चुलतीला म्हणतो, तुझी चूक नव्हती.

आता प्रत्येकजण आपला तळपाय बघून घाबरणार, म्हणून हेही नीट वाचा. सावळ्या माणसांच्या तळव्यावर तपकिरी ठिपके, पट्टे असणं ही अगदी सामान्य गोष्ट आहे. वर्षानुवर्षं तसेच असलेले, दोन्ही पायांवर थोडेफार सारखे, एकाच फिकट रंगाचे ठिपके बहुतेक निरुपद्रवी असतात. कितीतरी बायामाणसांच्या तीन-चार नखांवर उभ्या तपकिरी रेघा असतात, त्याही बहुधा कातडीच्या रंगाच्याच. कान टवकारायचे ते एकट्या गोष्टीकडं : एकच डाग, जो नवा आहे किंवा बदलतोय. एकच नख, विशेषतः अंगठ्याचं, ज्यावर नवी काळी रेघ उमटली आणि रुंद होत चालली. त्या रेघेचा काळेपणा नखाच्या बाहेर, मुळाच्या किंवा कडेच्या कातडीवर उतरला असेल तर वाट बघायची नाही.

नखाखाली रक्त साकळणं आपल्याकडं रोजचंच. दगड पडतो, टिकाव लागतो, बैल पाय देतो. रक्त आणि या रेघेतला फरक घरी बऱ्यापैकी कळतो. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं. साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढं सरकतं, त्याच्या मागं मुळाशी स्वच्छ नख दिसायला लागतं. दोन-तीन महिन्यांत तीन-चार मिलिमीटर मोकळी जागा दिसली पाहिजे. काळेपणा मुळाला चिकटूनच राहिला, तर ते नुसतं रक्त नाही असं समजून दाखवायचं. नखावर मुळापाशी ब्लेडनं हलकी खूण करून ठेवली तर हिशोब सोपा जातो. टाचेच्या कातडीत साकळलेलं रक्त डॉक्टरनं वरवर खरवडलं तर ठिपक्यांसकट निघून जातं, कॅन्सरचा डाग तसा निघत नाही. मात्र हे खरवडणं डॉक्टरचं काम आहे, आपलं किंवा कुरूप काढणाऱ्याचं नाही.

आणि एक फसवी गोष्ट. हा काळ्या रंगाच्या पेशींचा रोग, पण तो काळा असेलच असं नाही. काही गाठींमध्ये रंगच नसतो. लालसर-गुलाबी मांस वर आलेलं, चामखिळीसारखं किंवा न भरणारी जखम, एवढंच दिसतं. म्हणून नुसता रंग बघून भागत नाही. माझ्या मते आपल्या भागासाठी सगळ्यात कामाचा नियम वेळेचा आहे : तळपायावरची कुठलीही जखम, "कुरूप", "चामखीळ" किंवा नखुरडं नीट उपचार करूनही दोन महिन्यांत बरं होत नसेल, तर ड्रेसिंग बदलायचं नाही, निदान बदलायचं. शुगरची जखमसुद्धा शुगर ताब्यात आली, तिच्यावरचा भार काढला की आक्रसायला लागते. जी आक्रसतच नाही तिच्या कडेचा तुकडा तपासायला पाठवा. डॉक्टरला आपण सांगायचं का, असं वाटेल. सांगायचं. साध्या शब्दात : "साहेब, याचा तुकडा तपासून घेऊ का?" आणि चामखीळ, कुरूप म्हणून कुणी काही कापून काढलं तर ते कचऱ्यात जाऊ देऊ नका, फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजीला द्या. जाळून किंवा अ‍ॅसिड लावून काढलेल्याचा तर तुकडाही उरत नाही.

तुकड्याच्या आधी एक बिनदुखीची पायरीही आहे, आणि ती मला फार आवडली, कारण ती शेतकऱ्याला लगेच समजते. त्वचारोगाच्या डॉक्टरकडं डर्मोस्कोप नावाचं दिवा लावलेलं भिंग असतं. तळव्याची कातडी त्यातून नांगरलेल्या रानासारखी दिसते, सरी आणि वरंबा, सरी आणि वरंबा. घामाची भोकं वरंब्यावर असतात, पांढऱ्या टिंबांची रांग लावल्यासारखी. साधा तीळ असेल तर रंग सरीत साचतो, पाणी साचावं तसा. मेलानोमाचा रंग वरंब्यावर चढतो आणि सरी कोरडी राहते. हा फरक जपानी डॉक्टरांनी शोधून काढला आणि आता जगभर वापरतात. डॉक्टर बाईंनी मला माझ्याच पायावरचा एक तीळ दाखवला. रंग सरीत होता, मी सुटलो. अर्थात यालाही अपवाद आहेत. मेंदी, डाय यांसारखे बाहेरून लागलेले डाग आणि साकळलेलं रक्तही वरंब्यावर दिसू शकतं. म्हणून भिंगाखाली जायच्या आधी पायाला बिब्बा, हळद, मेंदी काही लावू नका आणि लावलं असेल तर सांगा.

आता माझी मागणी. इथं काहीजण माझ्याशी भांडतील, भांडा.

आपल्या गावात आणि पारनेर तालुक्यात शुगर-बीपीची शिबिरं होतात. मी गेल्या दोन-तीन शिबिरांत मुद्दाम बसून पाहिलं. माणूस येतो, बोटाला सुई टोचतात, दंडाला पट्टा बांधतात, गोळ्या घेऊन माणूस जातो. एकाच्याही पायातली चप्पल निघत नाही. शुगरवाल्याचे पाय बघायचे असतात हे प्रत्येक डॉक्टरला माहीत आहे, तरी. दुसरीकडं कुष्ठरोग शोध मोहिमेत आशाताई घरोघरी जाऊन फिकट, बधिर चट्टे शोधतात, हातापायाच्या बधिरपणाबद्दल विचारतात. म्हणजे हातापायाची चौकशी तिथं आधीच होते आहे. तिला फक्त एवढंच सांगायचं आहे की फिकट चट्ट्याबरोबर तळव्यावरचा काळा, एकटा, बदलणारा डाग आणि दोन महिने न भरलेली जखमही लिहून घे आणि त्या माणसाला त्वचारोगाच्या डॉक्टरकडं पाठव.

यावर माझ्या एका शिक्षक मित्राचं म्हणणं असं : "दहा लाखांत एक-दोन माणसांसाठी सगळ्या तालुक्याचे पाय बघणार? त्यापेक्षा तोंडाचे कॅन्सर बघा, ते कितीतरी जास्त." त्याचं गणित बरोबर आहे. नुसत्या मेलानोमासाठी मोहीम काढा असं मी म्हणणारच नाही, तो पैशाचा आणि माणसांचा अपव्यय होईल, आणि निरुपद्रवी ठिपक्यांची माणसं घाबरून रांगा लावतील ते वेगळंच. माझं म्हणणं पाय बघण्याचं आहे. त्याच एका नजरेत शुगरची सुरुवातीची जखम दिसते, बधिर पाय कळतो, रुतलेली काच दिसते, आणि दहा-वीस वर्षांत एखादा तात्यांसारखा माणूसही सापडतो. वेगळा खर्च शून्य. मिनिट-दोन मिनिटं जास्त लागतील. आशाताईंवर आधीच कामाचं ओझं आहे आणि मानधन तुटपुंजं, हे मला मान्य आहे, म्हणून नवा फॉर्म भरायला लावू नका, असलेल्या चौकशीतच एक ओळ वाढवा.

"नुसतं सांगून काय होतं" असं म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच शेजारचं उदाहरण. बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात 1987 पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंद ठेवतात. अशी खेड्यांची नोंदवही देशात पहिलीच. त्या कामातली माणसं गावोगाव जाऊन कॅन्सरची लक्षणं सांगायची, अंगावर जास्त जात असेल तर दवाखान्यात या म्हणायची. मोठी यंत्रं नव्हती, घरोघर तपासणीही नव्हती. तरी काही वर्षांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर घेऊन येणाऱ्या बायका आधीच्या टप्प्यावर यायला लागल्या, हे त्यांनी नोंदींवरून दाखवून दिलं. सोलापूरच्या खेड्यांत झालं ते नगरच्या खेड्यांत होणार नाही असं कोण म्हणतं? आपण तर पाणलोटाच्या वेळी सगळ्या देशाला दाखवून दिलंय की गावानं मनावर घेतलं तर काय होतं. तेव्हा टिकाव-फावडं उचललं होतं, आता नुसती चप्पल काढायची आहे.

घरी काय करायचं ते सांगतो, आमच्या घरी आता असंच चालतं. महिन्यातून एकदा अंघोळीनंतर, पाय स्वच्छ आणि उजेड चांगला असताना, दोन्ही तळपाय, टाचेच्या कडा, बोटांच्या बेचक्या आणि नखं बघायची. स्वतःला दिसत नसेल तर दुसऱ्यानं बघायचं. म्हातारी माणसं वाकत नाहीत, त्यांचे पाय नातवंडांनी बघायचे. काही डाग दिसला तर शेजारी रुपयाचं नाणं ठेवून मोबाईलवर फोटो काढायचा, आणि पुढच्या महिन्यात त्याच नाण्यासकट दुसरा. नाण्यामुळे वाढला की नाही हे भांडण उरत नाही. डाग नवा असेल, वाढत असेल, दोन रंगांचा असेल, रक्त येत असेल तर दुसऱ्या फोटोचीही वाट बघू नका. खर्चाची भीती असेल तर सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभागात जा, आणि पुढं ऑपरेशनची वेळ आलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया आहेत, रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देतोय. ठरावाचा मसुदा चारच ओळींचा आहे : गावात होणाऱ्या प्रत्येक शुगर तपासणी शिबिरात तपासणीच्या जागी एक पाट आणि एक चांगला दिवा ठेवावा, प्रत्येकाची चप्पल काढून दोन्ही तळपाय बघावेत, दोन महिन्यांहून जुनी जखम किंवा बदलणारा डाग असलेल्यांची नावं वहीत लिहावीत, आणि पुढच्या महिन्यात ती माणसं त्वचारोगाच्या डॉक्टरकडं गेली की नाही हे विचारून घ्यावं. वही सांभाळायचं काम मी घेतो. पाट आमच्या घरून देतो, चुलतीनं काढून ठेवलाय.